नळातून आलेली लाल अळी

नळाच्या पाण्यात वळवळणारा तो लाल दोरा म्हणजे पोटातला जंत नव्हे. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या कायरोनॉमिड माशीची ती अळी. लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्याच जोरावर ती टाकीच्या तळच्या गाळात, कमी ऑक्सिजनमध्येही तग धरते.

आधी थेट पालिकेच्या नळाला पांढरं फडकं बांधून बघा. तिथे अळी नाही, पण टाकीच्या नळाला आहे, म्हणजे गडबड टाकीत. नुसतं क्लोरीन ओतून भागत नाही, गाळात ती बिनधास्त असते. टाकी रिकामी करून गाळ खरवडूनच काढायचा. आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी लावा हो! माशी तिथूनही आत शिरून अंडी घालते. सोसायट्या नेमकं तेच विसरतात.