परत पाठविलेला निबंध

(वार्षिक पारितोषिक समारंभात केलेले भाषण)



संशोधनाच्या क्षेत्रातील एखादा अनुभव सांगा, असे मला चिटणीससाहेबांनी कळविले. मी जळगावात वनस्पतिशास्त्र शिकवीत आलो. सांगण्यासारखा शोध माझ्या नावावर नाही. म्हणून जे काम मी केले नाही, त्याची हकीकत सांगतो. एका नियतकालिकाने तपासण्यासाठी पाठविलेला निबंध मी न तपासता परत केला. त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीने मोजली, आणि तिच्या वडिलांनी मला त्याबद्दल जाब विचारला.

पालकांसाठी आधी थोडे स्पष्ट करतो. शास्त्राच्या नियतकालिकाकडे निबंध आला की संपादक तो लगेच छापीत नाही. त्याच विषयात काम करणाऱ्या दोघातिघांकडे तो तपासायला जातो. त्यांना आपण परीक्षक म्हणू. परीक्षकाचे नाव सहसा लेखकाला कळत नाही, आणि त्याला मोबदलाही नसतो. निबंध छापला जाईपर्यंत तो परीक्षकाकडे अमानत असतो; त्यातील मजकूर वापरायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. अडचण अशी की निबंध नीट तपासू शकेल असा माणूस बहुधा त्याच विषयात काम करणारा असतो. म्हणजे लेखकाचा मित्र, गुरू किंवा प्रतिस्पर्धी. बोर्डाच्या परीक्षेचे काम घेताना आपला मुलगा किंवा मुलगी त्या परीक्षेला बसली असेल तर शिक्षकाला ते सांगावे लागते. इथेही तसेच आहे. मात्र इथे विचारायला कुणी येत नाही, आपणच सांगावे लागते.

आता माझी हकीकत. रावेर, यावल, मुक्ताईनगर भागात केळीवर एक विषाणूजन्य रोग येतो. शास्त्रात त्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात, आपले शेतकरी हरण्या म्हणतात. पानावर पिवळे पट्टे उमटतात, पोंगा सडतो, आणि झाड उपटून टाकण्यावाचून इलाज राहत नाही. मावा नावाची बारीक कीड हा विषाणू काकडीवर्गातील पिकांवरून आणि तणांवरून केळीवर आणते. माझी एक विद्यार्थिनी, धुळ्याची, यावरच पीएच.डी. करीत होती. केळीच्या बांधालगत कोणती तणे असली की लागण लवकर होते, याच्या नोंदी ती दोन हंगाम घेत होती. भर पावसात एस.टी.ने रावेरला जायचे, झाडे मोजायची आणि रात्री परत यायचे. वडिलांचे धुळ्यात यंत्रमाग होते, चार-सहाच.

अशात मला एका संपादकाचे ई-मेल आले. निबंध तपासाल का, अशी विचारणा, आणि खाली लेखकांची नावे व सारांश. लेखक माझ्या ओळखीचे नव्हते. सारांश दहाबारा ओळींचा होता. तिसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आले की हे तेच काम आहे. पीक तेच, रोग तोच, बांधावरची तणेही तीच. जिल्हा तेवढा दुसरा.

अशा वेळी मनात पहिला विचार काय येतो, ते खरे सांगतो. वाटते, ‘हो’ म्हणावे, निबंध वाचावा आणि मग ठरवावे. हाच पहिला पाय घसरतो. नुसता निबंध पाहायला मिळावा म्हणून तपासणी स्वीकारू नये, असे प्रकाशन-नीतीविषयी काम करणाऱ्या ‘कोप’ या समितीने परीक्षकांसाठीच्या सूचनांत स्पष्ट लिहिले आहे. आपल्याच तयारीत असलेल्या कामाशी फार मिळताजुळता निबंध आला तर तो घेऊ नये, असेही त्यांत आहे. कारण सोपे आहे. कागद परत करता येतो, पण वाचलेले परत करता येत नाही. त्यांनी किती झाडे घेतली, कोणत्या महिन्यात मोजली, कुठे चुकले, हे एकदा डोक्यात शिरले की उद्या माझ्या विद्यार्थिनीला मी जी सूचना देईन ती माझी की त्यांची, हे मलाही सांगता येणार नाही.

मी त्याच संध्याकाळी उत्तर लिहिले. नकाराचे बटण दाबले तरी काम होते, आणि पुष्कळ लोक तेवढेच करतात. पण कारण दिले नाही तर संपादक तोच निबंध आपल्याच विभागातील शेजारच्या टेबलावर पाठवू शकतो, किंवा सुधारून आलेली प्रत पुन्हा आपल्याकडेच धाडतो. म्हणून मी पाच वाक्ये लिहिली. याच विषयावर माझ्या मार्गदर्शनाखाली काम चालू आहे, म्हणून मी परीक्षक होऊ शकत नाही. मी फक्त सारांश पाहिला आहे. पूर्ण निबंध उघडलेला नाही आणि कुणालाही याबद्दल सांगितलेले नाही. आमच्या विभागातील कुणाकडेही तो पाठवू नये. आणि विषाणूंची जाण असलेल्या, पण केळीवर काम न करणाऱ्या दोघांची नावे सुचवितो. स्वतःच्या मित्राचे नाव सुचवून मागच्या दाराने आत यायचे नसते.

त्याच दिवशी का, तेही सांगतो. तीन आठवडे निबंध दाबून ठेवायचा आणि मग ‘हितसंबंध आहेत’ म्हणून परत करायचा, हे दिसायला माघार असले तरी लेखकाचे तीन आठवडे आपण खाल्लेले असतात, आणि तेवढ्यात आपल्या माणसाला पुढे जाता येते.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थिनीची नोंदवही मागवून घेतली आणि शेवटच्या पानावर तारीख घालून सही केली. तिला वाटले, सर अचानक शिस्तीचे झाले. ती सही अशासाठी, की त्या तारखेपूर्वीचे काम कोणते आणि नंतरचे कोणते हे पुढे कुणालाही पाहता यावे. याहून अधिक मला काही करता येत नव्हते. तिला घाई कर म्हणणे हीसुद्धा अमानतीत खयानतच झाली असती. सात महिने ती माझ्यासमोर बसून प्रकरणे लिहीत होती, आणि मी गप्प होतो. सगळ्यांत जड गेले ते हेच.

सात महिन्यांनी तो निबंध छापून आला. तिने तो स्वतःच शोधून माझ्यासमोर ठेवला आणि काही बोलली नाही. तेव्हा मी तिला सारे सांगितले. पुढच्या रविवारी तिचे वडील आले. चहाला हात न लावता म्हणाले, “सर, तुम्ही तो वाचला असता तर कुणाला कळलं असतं?”

मी त्यांना अमेरिकेतील एक प्रकरण सांगितले. तेच आपल्यालाही सांगतो, कारण त्यात एक माणूस आपल्या पुण्याचा आहे.

नोव्हेंबर १९७८ मध्ये बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील हेलेना रॉडबार्ड या तरुण संशोधिकेने ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’कडे निबंध पाठविला. अन्न टाकून शरीर झिजविणाऱ्या ‘अ‍ॅनोरेक्सिया’ या विकारात रक्तातील पेशींना इन्सुलिन कसे चिकटते, हा विषय होता. संपादकांनी तो येल विद्यापीठातील नामवंत प्राध्यापक फिलिप फेलिग यांच्याकडे तपासायला दिला. फेलिग यांनी तो आपल्या हाताखालील डॉ. विजय सोमण यांच्याकडे दिला. सोमण पुण्याहून गेलेले, हुशार, आणि त्या वेळी नेमक्या त्याच विषयावर काम करणारे. दोघांनाही हे ठाऊक होते. संपादकांना कुणीच कळविले नाही. सोमण यांनी निबंधाची प्रत काढून ठेवली, आणि येलहून अभिप्राय गेला की निबंध नाकारावा.

थोड्याच आठवड्यांत सोमण आणि फेलिग यांचा त्याच विषयावरील निबंध दुसऱ्या नियतकालिकाकडे, ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’कडे गेला. तिथून तो तपासायला आला जेसी रॉथ यांच्याकडे. रॉथ हे रॉडबार्डबाईंचे वरिष्ठ, आणि फेलिग यांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांनीही तो आपल्या हाताखालील संशोधिकेकडे दिला. अशा रीतीने रॉडबार्डबाईंच्या हाती जो निबंध आला, त्यात त्यांचीच वाक्ये शब्दशः होती. दोन्ही वेळा निबंध हितसंबंध असलेल्या माणसाच्या हातून आणखी जवळच्या माणसाच्या हाती गेला, आणि दोन्ही वेळा संपादकांना पत्ता नव्हता, हे ध्यानात घ्या. दुसऱ्या वेळी त्यातून चोरी उघडकीस आली एवढेच.

१९७९ मध्ये त्यांनी संपादकांकडे तक्रार केली. आमचे काम आधीच झाले होते, असे फेलिग यांनी सांगितले. मोठा माणूस म्हणून बराच काळ ते मानलेही गेले. पण बाई मागे हटल्या नाहीत. फेब्रुवारी १९८० मध्ये बोस्टनचे डॉ. जेफ्री फ्लायर हे येलला जाऊन मूळ नोंदी पाहू लागले, तेव्हा पुष्कळ नोंदी सापडल्याच नाहीत आणि आकडे बदलल्याचे सोमण यांना कबूल करावे लागले. त्यांनी राजीनामा दिला आणि ते पुण्याला परतले. निबंध मागे घेतले गेले. फेलिग यांनी आकडे बनविले नव्हते. तरी कोलंबिया विद्यापीठात नुकतेच मिळालेले विभागप्रमुखपद त्यांना त्याच वर्षी दोनच महिन्यांत सोडावे लागले. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यांनी संपादकाला दोन ओळी लिहून निबंध परत केला असता, तर सोमण यांच्या टेबलावर तो आलाच नसता.

तिच्या वडिलांनी सारे ऐकून घेतले. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. “ते मोठे लोक होते, सर. माझ्या मुलीचं एक वर्ष गेलं,” एवढेच म्हणाले. आणि ते खरेच होते. छापलेल्या निबंधामुळे तिचे एक प्रकरण नवे राहिले नाही. तिला तिसरा हंगाम घ्यावा लागला. दोन जिल्ह्यांची तुलना तिने मांडली, आधी छापलेल्या निबंधाचा उल्लेख पहिल्याच पानावर केला, आणि पदवी वर्षभर उशिरा मिळाली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दर वेळी माघार घ्यावी असे नाही. खानदेशात केळीवर काम करणारे किती? ओळख आहे एवढ्यावरून सगळेच परत पाठवू लागले तर तपासणार कोण? एखाद्या परिषदेत भेट झाली होती, लेखकाचे मत पटत नाही, असे असेल तर संपादकाला कळवावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. एकाच संस्थेतील नोकरी, गेल्या तीनएक वर्षांतील गुरुशिष्याचे किंवा जवळच्या सहकार्याचे नाते, एकत्र घेतलेले अनुदान, किंवा हातात असलेले तेच काम, इथे मात्र विचारत बसू नये, निबंध परत करावा. आणि अर्धा तपासून झाल्यावर ध्यानात आले तर? तेव्हाही तसेच लिहावे; कुठवर वाचले तेही लिहावे. अशा वेळी अर्धवट अभिप्राय पाठवू नये. संपादक तो वापरील आणि आपली सावली त्यावर राहील.

ती विद्यार्थिनी आज स्वतः एका महाविद्यालयात शिकविते. मध्यंतरी रात्री तिचा फोन आला. तिच्याकडे तपासायला एक निबंध आला होता आणि लेखकांत तिची पूर्वीची एक सहकारी होती. कोण, कुठला, हे तिने सांगितले नाही. एवढेच विचारले, “सर, तीन वर्षं कुठून धरायची? एकत्र काम थांबलं तिथून, की शेवटचा निबंध छापला तिथून?” मी म्हणालो, छापला तिथून धर. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग दोन वर्षं आठ महिनेच झालेत,” आणि फोन ठेवला.