तेरा ओहम आले कुठून?



आज एकच गणित घेणार आहे. नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ हा पाठ आहे. ओहमचा नियम, रोधांची एकसर जोडणी आणि समांतर जोडणी हे सगळं त्यात येतं. चंद्रपूर असो, धानोरा असो की भामरागड, या पाठावरचं ज्या धाटणीचं उदाहरण मुलांचं हमखास चुकतं, ते मी फळ्यावर काढतो.

6 व्होल्टची बॅटरी आहे. तिच्या धन टोकापासून तार निघते आणि 4 ओहमच्या रोधातून जाते. पुढे तारेला दोन फाटे फुटतात. एका फाट्यात 6 ओहमचा रोध आहे, दुसऱ्यात 3 ओहमचा. दोन्ही फाटे पुन्हा एकत्र येतात आणि तार बॅटरीच्या ऋण टोकाला जाऊन मिळते. परिणामी रोध किती? बरीच मुलं लिहितात, 4 + 6 + 3 = 13 ओहम. खरं उत्तर 6 ओहम आहे.

या मुलांना बेरीज येते, सूत्रही पाठ असतं. त्यांनी बरोबर सूत्र चुकीच्या जागी लावलेलं असतं. म्हणून तेरावर नुसती फुली मारून भागत नाही. एकसर जोडणीत रोधांची बेरीज मुळात का करतात, हे आधी पाहायला हवं.

एकसर जोडणीत विद्युतधारेला एकच वाट असते. पहिल्या रोधातून जितकी धारा जाते, तितकीच दुसऱ्यातून आणि तिसऱ्यातूनही जाते. प्रत्येक रोधाच्या दोन टोकांमध्ये थोडं थोडं विभवांतर पडतं आणि त्या सगळ्यांची बेरीज बॅटरीच्या विभवांतराइतकी होते. धारा समान असल्यामुळे विभवांतरांची बेरीज म्हणजेच रोधांची बेरीज ठरते. म्हणजे बेरजेचा आधार ‘सगळ्यांतून तीच धारा’ हा आहे. कागदावर रोध एकामागोमाग दिसतात, हा तो आधार नव्हे.

आपल्या आकृतीत 4 ओहममधून आलेली धारा फाट्यावर दोन वाटांनी वाटली जाते. नद्यांचंच उदाहरण घ्या: चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि पुढे प्राणहिता वाहते. दोन्ही नद्यांचं पाणी मिळून प्राणहितेचं पाणी होतं, पण वर्धेचं पाणी आणि प्राणहितेचं पाणी सारखं असतं असं आपण म्हणत नाही. फाटे जिथे पुन्हा एकत्र येतात तिथे विजेचंही तसंच होतं. किरखॉफने 1845 साली हाच नियम मांडला: सांध्यात जितकी धारा शिरते, तितकीच बाहेर पडते. तेव्हा 6 ओहममधली धारा आणि 4 ओहममधली धारा एक नाही. बेरजेचा आधारच इथे तुटला.

आता तेरा हे उत्तर खरं धरू आणि ते कुठे अडतं ते पाहू. धारा 6 भागिले 13, म्हणजे साधारण 0.46 अँपिअर. ती सगळ्या रोधांतून सारखीच वाहते असं धरलं, तर 6 ओहमच्या टोकांमध्ये सुमारे 2.77 व्होल्ट येतात आणि 3 ओहमच्या टोकांमध्ये सुमारे 1.38 व्होल्ट. पण आकृतीकडे नीट पाहा. हे दोन्ही रोध त्याच दोन सांध्यांमध्ये जोडलेले आहेत. एकाच दोन बिंदूंमध्ये एकाच वेळी दोन वेगवेगळी विभवांतरं असूच शकत नाहीत. तेराचं उत्तर इथे आपणच आपल्याला खोडतं. विद्यार्थ्याला ही विसंगती स्वतः शोधू द्या.

आता बरोबर रीत. फाट्यांतल्या रोधांना विभवांतर समान आहे आणि धारांची बेरीज होते, म्हणून तिथे व्यस्तांची बेरीज करायची. 1/6 + 1/3 = 1/2. व्यस्त 1/2 आलं, म्हणून जोडीचा रोध 2 ओहम. या जोडीतून जाणारी एकूण धारा आणि 4 ओहममधली धारा एकच आहे, त्यामुळे आता मात्र बेरीज चालते: 4 + 2 = 6 ओहम.

ताळा करू. एकूण धारा 1 अँपिअर. 4 ओहमवर 4 व्होल्ट पडले, जोडीवर 2 उरले. 6 ओहममधून 1/3 अँपिअर, 3 ओहममधून 2/3 अँपिअर, मिळून 1. सगळा हिशेब जुळला.

इथे आणखी एक चूक दबा धरून असते. 1/2 आलं की काही मुलं तेच उत्तर समजून 0.5 ओहम लिहितात. ‘समांतर जोडणीचा रोध सर्वांत लहान रोधापेक्षा कमी असतो’ हा आपला नेहमीचा ताळा ही चूक पकडत नाही, कारण 0.5 हे 3 पेक्षा कमीच आहे. दोनच रोध असतील तर यापेक्षा पक्का ताळा आहे: उत्तर लहान रोधाच्या निम्म्याहून कमी कधीच नसतं. इथे ते 1.5 आणि 3 यांच्या मध्ये यायला हवं. 2 त्यात बसतं, 0.5 बसत नाही.

आता दुसरी आकृती. 2, 3 आणि 6 ओहमचे रोध एका सरळ ओळीत काढलेत. ओळीतल्या चार बिंदूंना क, ख, ग, घ म्हणू. बॅटरी क आणि घ यांना जोडली आहे. शिवाय क ते ग एक साधी तार आहे आणि ख ते घ दुसरी. ओळ पाहून 11 ओहम लिहायचा मोह होतो. पण साध्या तारेने जोडलेले बिंदू विजेच्या दृष्टीने एकच. ग च्या जागी क लिहा, घ च्या जागी ख लिहा. तिन्ही रोध क आणि ख यांच्यामध्येच आहेत! 1/2 + 1/3 + 1/6 = 1, म्हणून परिणामी रोध फक्त 1 ओहम.

हे हातांनी पडताळता येतं. तपकिरी, काळा, तपकिरी आणि सोनेरी पट्ट्यांचे, म्हणजे 100 ओहमचे तीन रोध घ्या. बॅटरी न जोडता मल्टिमीटर लावा. तिन्ही एकसर जोडले तर 300 च्या आसपास, एकाच्या पुढे दोघांची समांतर जोडी असेल तर 150 आणि तिन्ही समांतर असतील तर सुमारे 33 दिसतील. सोनेरी पट्टी म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे, तेवढा फरक धरावा. या प्रयोगासाठी टॉर्चचे बल्ब मात्र घेऊ नका. तार तापली की बल्बचा रोध वाढतो आणि आकडे जुळत नाहीत.

एक मर्यादाही सांगतो. प्रत्येक जोडणी एकसर किंवा समांतर यांपैकी एक असतेच, असं नाही. व्हीटस्टन सेतूत मधला रोध दोन्हींत बसत नाही. तो सेतू संतुलित नसेल तर थेट किरखॉफचे नियम लावावे लागतात.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे. सूत्र लिहिण्याआधी मुलांकडून आकृतीतल्या प्रत्येक सांध्याला अक्षर देऊन घ्या, साध्या तारेने जोडलेल्या सांध्यांना एकच अक्षर, आणि प्रत्येक रोधापुढे तो कोणत्या दोन अक्षरांमध्ये आहे ते लिहून घ्या. दोन रोधांची अक्षरांची जोडी एकच असेल तर ते समांतर. दोघांमध्ये एकच अक्षर सामाईक असेल आणि त्या सांध्याला तिसरं काहीही जोडलेलं नसेल, तर ते एकसर. बेरीज त्यानंतर करायची.