चालती गिरणी विकत घ्यावी की नवी उभारावी?

(नवउद्योजकांच्या मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



पहिलाच व्यवसाय करू इच्छिणारा तरुण गावातील सरपंचांकडे किंवा आपल्या जुन्या गुरुजींकडे सल्ला मागावयास येतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा दोन वाटा असतात. कोणाचा तरी चालू धंदा विकत घ्यावयाचा, किंवा सर्व काही नव्याने उभारावयाचे. या प्रश्नाचा विचार आपण आपल्या सर्वांच्या परिचयाच्या पिठाच्या गिरणीवरून करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. हिशेबाची रीत मात्र कोठेही लागू पडेल.

समजा, एका मोठ्या गावातील गिरणीवाला आपली गिरणी ५ लाख रुपयांस विकावयास काढतो. रोज ३०० किलो दळण होते, असे तो सांगतो. वही नसते, पावत्या नसतात. मग हे खरे की खोटे, हे कसे ओळखावे? गिरणीत एक साक्षीदार असतो, तो म्हणजे विजेचा मीटर. खरेदीदाराने एक संपूर्ण दिवस गिरणीत बसावे, प्रत्येक दळणाचे वजन टिपावे आणि सकाळ-संध्याकाळचे मीटरवरील आकडे लिहून घ्यावेत. समजा, २०० किलो दळणास १४ युनिट वीज लागली. म्हणजे शंभर किलोस ७ युनिट झाली. आता मागील बारा महिन्यांची बिले मागावीत. दिवा-पंख्याची वीज वगळता महिन्याची सरासरी ४५५ युनिट निघाली, तर दळण साडेसहा हजार किलो, म्हणजे २६ दिवसांच्या महिन्यात रोज २५० किलो होते. तीनशे नव्हे. बिले दाखविण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तेवढ्यावरूनच उमगावे.

आता किमतीकडे वळू. मोटार, जाते, पट्टा आणि काटा यांची आजची किंमत माहितगार मिस्त्रीकडून काढली, ती १ लाख ८० हजार भरली. उरलेले ३ लाख २० हजार विक्रेता कशाचे मागतो? बांधलेल्या गिऱ्हाइकांचे. या नावलौकिकाला मोल आहे, हे निःसंशय. परंतु तो नव्याने मिळविण्यास जेवढा खर्च येईल, त्याहून अधिक मोल देण्याचे कारण नाही.

तो खर्च असा मोजावा. नवी गिरणी रोज ५० किलोंपासून सुरू होऊन वर्षअखेर २५० किलोंवर गेली, तर पहिल्या वर्षी सरासरी १०० किलोंची रोजची तूट येते. दर किलोस ६ रुपये दळणावळ धरली व विजेचे ७० पैसे वजा केले, तर ही वर्षभराची तूट सुमारे १ लाख ६५ हजार रुपये होते. नावलौकिकाच्या किमतीची ही कमाल मर्यादा होय. मागितलेली रक्कम तिच्या जवळजवळ दुप्पट आहे.

शिवाय, २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात अनुदान नव्या घटकासाठी ठेवण्यात आले. चालू धंद्याच्या खरेदीसाठी नाही. ग्रामीण भागातील सर्वसाधारण गटाच्या अर्जदारास हे प्रमाण प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के ठरविण्यात आले. तरुणास ३ लाखांच्या नव्या गिरणीवर असे ७५ हजार मिळणार असतील, तर वरील मर्यादा ९० हजारांवर येते. म्हणून सौद्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आपण पात्र आहोत की नाही, याची खात्री करून घ्यावी.

किंमत पटली, तरी तीन गोष्टी लेखी झाल्याशिवाय विसार देऊ नये. पहिली, गाळ्याची. जागा भाड्याची असेल, तर जुना भाडेकरू ती आपल्या मर्जीने दुसऱ्याच्या हाती देऊ शकेलच, असे नाही. मालकाची लेखी संमती हवी. गाळा ग्रामपंचायतीचा असल्यास कराराच्या अटी पाहाव्यात. दुसरी, थकबाकीची. आधीच्या ग्राहकाचे वीजबिल नव्या ग्राहकाकडून वसूल करण्याची विनियमांतील तरतूद वैध ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. तिसरी, स्पर्धेची. विक्रेत्याने पैसे घेऊन समोरच्याच आळीत नवी गिरणी घातली, तर विकत घेतलेले गिऱ्हाईक त्याच्यामागे जाईल. नावलौकिक विकणाऱ्यावर ठराविक हद्दीत तोच धंदा न करण्याची वाजवी अट घालण्यास भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मधील अपवादाने मुभा दिली आहे. ती अट करारात अवश्य घालावी.

एक धोका मात्र कागदाने टळत नाही. गिऱ्हाईक पुष्कळदा गिरणीकडे येत नसते, गिरणीवाल्याच्या हाताकडे येत असते. जात्याला टाकी केव्हा लावावी, भाकरीचे पीठ किती बारीक हवे, हे त्याला ठाऊक असते. यास्तव विक्रेत्याने एक महिना सोबत बसून काम शिकवावे आणि किमतीचा काही भाग त्यानंतर द्यावा, असे ठरवावे. विक्रेता यास राजी नसेल आणि बिलेही दाखवीत नसेल, तर नवी गिरणी उभारणेच श्रेयस्कर. तेथे निदान तूट किती येणार, हे आपणास आधी मोजता येते.