विटेचा माल, गिलाव्याचा माल



धायरीपासून वाघोलीपर्यंत पुण्याच्या कडेने कुठेही घर बांधणाऱ्या मालकाला एक प्रश्न हमखास पडतो. भिंत रचताना गवंडी सिमेंट-वाळूचा माल एकास सहा कालवतो, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू. त्याच भिंतीला बाहेरून गिलावा करताना मात्र तो एकास चारवर येतो. मालकाला वाटतं, भिंतीवर सगळं ओझं, मग तिथेच सिमेंट कमी का? आणि पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, दोन्हीकडे चारच घाला, असा आग्रह तो धरतो. आग्रहामागची काळजी खरी आहे, पण हिशेब चुकतो. तो कुठे चुकतो ते आज सांगतो.

आधी विटेकडे पाहू. आपल्याकडे भट्टीची जी साधी वीट मिळते, तिच्यासाठी भारतीय मानकाने ठरवलेली सर्वांत खालची प्रत आहे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 35 किलोंचा दाब सोसणारी. एकास सहाचा माल 28 दिवसांनी किमान 30 किलोंच्या आसपास दाब सोसतो, एकास चारचा किमान 75 च्या आसपास. म्हणजे वीट 35 ची आणि दर्जेतला माल 75 चा, अशी जोडी आपण लावतो. भिंतीची ताकद त्याने दुप्पट होत नाही, कारण दाब वाढला की आधी वीटच फुटणार. शिवाय दर्जेतला माल दोन विटांच्या मध्ये जेमतेम 10 मिलिमीटर जाडीचा असतो. वरून-खालून विटांनी धरून ठेवलेला इतका पातळ थर सहजासहजी चिरडत नाही.

याहून मोठं कारण हालचालीचं आहे. भिंत स्थिर दिसते, पण उन्हाने फुगते, गारव्याने आखडते, आणि पाया पहिल्या काही वर्षांत थोडा बसतो. ही हालचाल कुठेतरी जिरायला हवी. माल विटेपेक्षा नरम असेल तर ती दर्जांमध्ये जिरते, केसासारखे बारीक तडे पडतात आणि गिलाव्याखाली झाकले जातात. माल विटेपेक्षा कडक असेल तर तडा विटेतून आरपार जातो, मोठा आणि एकसंध. तो बुजवला तरी पुन्हा उघडतो. नऊ इंची भिंतीला एकास सहा यासाठी.

साडेचार इंची भिंतीचं मात्र वेगळं. ती एका विटेच्या रुंदीचीच असते, आतल्या खोल्या वेगळ्या करते, तिच्यावर छताचं ओझं नसतं. पण दार आपटलं, कोणी कपाट टेकवलं की ती आडवी वाकू पाहते. तिथे माल दाबला जात नाही, ओढला जातो, आणि त्याची विटेला धरून राहण्याची ताकद महत्त्वाची ठरते. म्हणून तिला एकास चार घ्यावा आणि साधारण मीटरभर उंचीवर सळईची काँक्रीट पट्टी द्यावी. एकाच घरात विटांचाही माल दोन प्रकारचा असू शकतो तो असा.

आता गिलावा. गिलाव्यावर ओझं नसतं. त्याची कामं दोन: भिंतीला चिकटून राहणं आणि पाणी आत न येऊ देणं. पुण्याच्या घराच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूंवर जून ते सप्टेंबर पाऊस आडवा मारतो. दर्जेतल्या मालाला विटा झाकतात, गिलावा मात्र ऊन-पावसात उघडा, 12 ते 20 मिलिमीटरचा थर.

इथे वाळूच्या पोकळीचा विचार करावा लागतो. कोरडी वाळू कितीही दाबून भरली तरी कणांमध्ये सुमारे एक तृतीयांश जागा रिकामी राहते. ती पूर्ण भरायची तर तीन भाग वाळूला एक भाग सिमेंट लागतं. एकास चारमध्ये पोकळी जवळपास भरते. एकास सहामध्ये बरीच उघडी राहते. विटांमध्ये ते चालतं, बाहेरच्या गिलाव्यात तिथूनच पाणी झिरपतं. शिवाय गिलाव्याची वाळू बारीक असते. कण जितके बारीक तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त, आणि तो लपेटायला सिमेंटही जास्त.

मग गिलावा एकास दोन का करू नये? कारण सिमेंट आळताना आणि वाळताना आकसतं. जास्त सिमेंटचा पातळ थर भिंतीला घट्ट धरलेला असतो, आकसायचं तर फाटण्यावाचून त्याला वाट नसते. मग पृष्ठभागावर जाळीसारखे तडे उमटतात आणि पुढच्या पावसात तिथूनच पाणी शिरतं. एकास चार ही या दोन भीतींमधली जागा आहे. आतल्या भिंतींना पाऊस नाही, तिथे एकास पाच पुरतो. छताच्या खालच्या बाजूला थर जेमतेम 6 मिलिमीटर ठेवावा आणि माल एकास तीन ते चारचा घ्यावा, कारण तिथे चिकटून राहण्याशिवाय दुसरा आधार नाही.

प्रमाण कागदावर ठरतं, पण साइटवर ते बिघडतं मापात. सिमेंटचं 50 किलोचं पोतं म्हणजे 35 लिटर. तेवढ्याच मापाचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा करून घ्या: आतून लांबी 40, रुंदी 35, उंची 25 सेंटीमीटर. एका पोत्याला विटांसाठी सहा फर्मे, गिलाव्याला चार. घमेल्याने मोजू नका. बिगारी दमला की घमेलं हलकं होतं आणि शीग कधी चढते, कधी नाही.

दुसरा बिघाड ओल्या वाळूचा. दमट वाळूचे कण पाण्याच्या पातळ थरामुळे एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते, कधी पाव भागाने, बारीक वाळू तर त्याहूनही जास्त. फर्मा भरलेला दिसतो, पण आत वाळू कमी असते. पाव भाग फुगलेल्या वाळूचे चार फर्मे म्हणजे प्रत्यक्षात तीन-सव्वातीन. गिलावा न कळत एकास तीनच्या जवळ जातो आणि वर सांगितलेले जाळीदार तडे पडतात. मोजायची पद्धत सोपी आहे. सरळ उभ्या काठाच्या डब्यात दमट वाळू 20 सेंटीमीटरपर्यंत सैल भरा, मग पूर्ण बुडेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. ती 16 सेंटीमीटरवर आली तर फुगवटा पाव भाग. मग विटांसाठी सहाऐवजी साडेसात फर्मे आणि गिलाव्यासाठी चारऐवजी पाच फर्मे घ्यायचे.

वाळूच्या जातीचाही प्रश्न आहे. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण परवानगीशिवाय नदीतली वाळू उपसायला मनाई केली. आता पुण्यात बहुतेक कामं काळ्या पाषाणाच्या क्रश सँडवर चालतात. त्यात काही वाईट नाही, पण तिचे कण टोकदार असतात, माल खरखरीत होतो, म्हणून गवंडी पाणी वाढवतो. आणि न धुतलेल्या क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी जास्त आली की ती पाणी पिते आणि गिलावा तडकतो. सँड मुठीत दाबून हात उघडा. तळव्यावर पिठासारखा राखाडी थर बसला तर ती गिलाव्याला घेऊ नका. गिलाव्यासाठी धुतलेली, बारीक चाळलेली सँड वेगळी मागा, विटांसाठीची जाडसर चालते.

आता प्रत्यक्ष कालवणं. जमिनीवर नाही, पत्र्यावर किंवा पाणी न पिणाऱ्या ओट्यावर. मोजलेली वाळू पसरा, वर सिमेंट पसरा आणि फावड्याने कोरडंच तीन वेळा उलटा, ढिगाचा रंग सर्वत्र एकसारखा दिसेपर्यंत. कुठे राखाडी, कुठे काळपट पट्टे राहिले तर माल कालवून झालेला नाही. मग मध्ये खळगा करून थोडं थोडं पाणी घाला. विटांचा माल असा असावा की वीट ठेवून थापीच्या मुठीने ठोकली की दर्जेतून थोडा बाहेर येईल, पण खाली ओघळणार नाही. गिलाव्याचा माल थोडा घट्ट आणि चिकट हवा. थापीवर घेऊन थापी तिरकी केली तरी क्षणभर धरून राहायला हवा. पाणी घातल्यापासून दोन तासांत माल संपवायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालात पाणी घालून वापरणं सगळीकडे चालतं, पण एकदा सिमेंट आळायला लागलं की त्या पाण्याने फक्त माल पसरता येतो, ताकद परत येत नाही.

वीट आधी भिजलेली हवी, पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सिमेंट अर्धवट आळतं. दर्जा ओल्या असतानाच साधारण 10 मिलिमीटर खोल कोरून ठेवाव्यात म्हणजे गिलाव्याला पकड मिळते. काँक्रीटच्या खांब-तुळयांना टाचे मारावेत, आणि जिथे काँक्रीट व वीट मिळतात तिथे जाळी ठोकावी. तसं न केल्यास गिलावा कितीही चांगला कालवला तरी त्या रेषेत तडा येतोच. बाहेरचा गिलावा 20 मिलिमीटरचा असेल तर दोन थरांत करावा, पहिला 12 ते 15 चा, आणि दुसऱ्या थरात सिमेंट पहिल्यापेक्षा जास्त नको. वरून गुळगुळीत करायला कोरं सिमेंट शिंपडणं टाळा. त्याची कडक साल होते आणि तीच आधी तडकते. पाणी कमीत कमी सात दिवस, फ्लाय ॲशचं सिमेंट असेल तर दहा दिवस. एप्रिल-मेमध्ये गिलावा करायचा असेल तर पश्चिमेची भिंत सकाळी घ्या आणि दुपारच्या उन्हापासून गोणपाटाने झाका.

एक हिशेब करून दाखवतो. दहा फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंची भिंत. घनफळ 75 घनफूट. तिच्या विटांना एकास सहाने सुमारे तीन पोती सिमेंट लागतं. त्याच 100 चौरस फुटांवर बाहेरून 20 मिलिमीटरचा एकास चारचा गिलावा केला तर दीड पोत्याच्या थोडं वर लागतं, आणि आतून 12 मिलिमीटरचा एकास पाचचा केला तर एका पोत्याला थोडं कमी. म्हणजे दोन्ही गिलाव्यांना मिळून अडीच पोती. विटांचं प्रमाण एकास चार केलं तर तीनाच्या जागी सव्वाचार पोती लागतात. वरचं सव्वा पोतं भिंतीला अधिक कडक करतं, मजबूत करत नाही.

झालेला गिलावा तपासायचा तर बोटाच्या सांध्याने ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर तो धरला आहे, पोकळ आला तर सुटला आहे आणि तेवढा भाग काढून पुन्हा करावा लागेल. नखाने ओरखडल्यावर वाळू भुरभुरली तर सिमेंट किंवा पाणी मारणं कमी पडलं. रंग लावायच्या आत हे करा.

शेवटी पेठांमधल्या वाड्यांबद्दल, कारण तिथे हे तत्त्व सर्वांत जास्त मोडलं जातं. त्यांच्या विटा चुन्याच्या मालात बसवलेल्या आहेत. चुन्याचा माल सिमेंटच्या मालाच्या मानाने फार नरम असतो, आणि भिंत ओल पिऊन बाहेर सोडते. अशा भिंतीवर एकास चारचा सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत अडकते, लोणा धरतो आणि काही पावसाळ्यांत गिलावा जुन्या विटेची कपची घेऊनच सुटतो. तिथे शुद्ध चुन्याचं काम करणारा कारागीर मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर निदान एक भाग सिमेंट, दोन भाग चुना आणि नऊ भाग वाळू असा नरम माल कालवावा, चुना आदल्या दिवशी भिजवून आणि चाळून घेतलेला.