फिटरचे प्रकरण

उद्योगसंस्थांतील कर्मचारी-व्यवस्थापनाच्या वर्गात एखादे प्रकरण विद्यार्थ्यांपुढे ठेवले म्हणजे पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : चूक कोणाची? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याने आरंभ केला की वर्गाचे दोन तट पडतात आणि तासाची घंटा होईपर्यंत ते एकमेकांस पटवीत राहतात. म्हणून अशा प्रकरणावर कोणते प्रश्न विचारावेत आणि कोणत्या क्रमाने विचारावेत, हे अभ्यासासाठी रचलेल्या एका साध्या प्रकरणाच्या आधाराने पाहणे सोयीचे होईल.

चारशे कामगारांचा एक यंत्रकारखाना आहे. तेथे अकरा वर्षे नोकरी झालेला एक फिटर दुसऱ्या पाळीवर होता. शनिवारी रात्री तिसऱ्या पाळीचा माणूस आला नाही, तेव्हा फोरमनने त्याला थांबण्यास सांगितले. फिटरने नकार दिला. घरी आई आजारी होती. पण हे त्याने सांगितले नाही आणि फोरमनने कारण विचारले नाही. शब्दाने शब्द वाढला, फिटरने हातातील कामाचे कार्ड टेबलावर आपटले आणि तो निघून गेला. कामव्यवस्थापक त्या वेळी शेजारच्याच केबिनमध्ये होते व त्यांनी सर्व ऐकले. रविवारी संध्याकाळी, कारखान्यापासून दोन मैलांवर असलेल्या बसथांब्यावर, फिटरने फोरमनची वाट अडवून त्याला शिवीगाळ केली. सोमवारी फिटर निलंबित झाला. बावीस दिवसांनी त्याला इंग्रजीत लिहिलेले आरोपपत्र मिळाले : ‘वरिष्ठांशी उद्धट वर्तन व शिस्तभंग’. चौकशी कामव्यवस्थापकांनीच केली. फोरमनचा तक्रारअर्ज वाचण्यात आला. फोरमनला मात्र बोलाविले नाही. ‘हे खरे काय?’ या प्रश्नावर फिटर म्हणाला, ‘रागात बोललो.’ एवढ्यावर कबुलीची नोंद झाली आणि तो बडतर्फ झाला.

या प्रकरणावर जाणत्या अध्यापकाचा पहिला प्रश्न असा असेल : आरोप नक्की कशाचा आहे? आरोपपत्रात तारीख नाही, जागा नाही, उच्चारलेले शब्द नाहीत. शनिवारची हुज्जत आणि रविवारची शिवीगाळ एकाच वाक्यात मिसळली आहेत. त्यांपैकी कशाचे उत्तर द्यावयाचे, हे फिटरला कळणार कसे? शिवाय या दोन घटना नियमांच्या दृष्टीने सारख्या नाहीत. गैरवर्तन कशास म्हणावे हे कारखान्याच्या स्थायी आदेशांत लिहिलेले असते, आणि आवाराच्या आत किंवा आवारालगत केलेले गैरवर्तन असे शब्द त्यांत पुष्कळदा आढळतात. ग्लॅक्सो कंपनीच्या मीरत येथील खटल्यात 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच शब्दांचा अर्थ लावला. कारखान्यापासून दूर घडलेले वर्तन कारखान्यातील शांततेवर परिणाम करील, एवढ्या तर्काने ते या कलमात ओढता येत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. आता वर्गाने या कारखान्याचे कलम वाचावे आणि दोन मैलांवरचा बसथांबा त्यात बसतो का, हे सांगावे. कित्येक विद्यार्थ्यांस येथे धक्का बसतो. कारण दोहोंत रविवारची घटनाच अधिक लाजिरवाणी आहे आणि नियमाच्या कसोटीवर तीच अधिक डळमळीत ठरते.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे : निवाडा कोणी केला? कामव्यवस्थापकांनी भांडण स्वतः ऐकले होते. ते या प्रकरणातील उत्तम साक्षीदार होते, आणि म्हणूनच चौकशी अधिकारी होण्यास अपात्र होते. साक्षीदार आणि न्यायाधीश एकच झाला की त्याची उलटतपासणी कोण करणार? फोरमनच्या गैरहजेरीची गोष्टही तशीच. सूर एनॅमल या कंपनीच्या खटल्यात 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशीची किमान अंगे सांगितली : आरोप स्पष्ट कळविणे, साक्षी सामान्यतः कामगारासमक्ष घेणे, उलटतपासणीची आणि स्वतःचा पुरावा देण्याची संधी देणे, आणि चौकशी अधिकाऱ्याने आपले निष्कर्ष कारणांसह लिहिणे. पाठीमागे दिलेल्या जबान्यांवर विसंबून केलेली चौकशी त्या खटल्यात टिकली नाही. फिटरच्या प्रकरणातील तक्रारअर्ज म्हणजे अशीच पाठीमागची जबानी होय.

येथे कोणी तरी हटकून म्हणते, ‘पण त्याने कबूल केले ना?’ संवादाचा खरा प्रश्न येथे सुरू होतो. ‘आईच्या आजाराबद्दल आधीच बोलायला हवे होते, फोरमननेही गोडीने विचारायला हवे होते,’ या उपदेशात वर्ग फार लवकर रमतो. उपदेश खोटा नाही, पण तो सुखाचा आडोसा आहे. त्याने कोणाचीच जबाबदारी ठरत नाही. त्यापेक्षा ‘रागात बोललो’ या दोन शब्दांचा छडा लावावा. कोठे बोललो? शनिवारी की रविवारी? काय बोललो? ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याने इंग्रजी आरोपपत्रातील कोणता आरोप मान्य केला? 1946 च्या स्थायी आदेश कायद्याने ते आदेश इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावण्याचे बंधन मालकावर घातले होते. नियम ज्या कारणासाठी कामगाराच्या भाषेत हवा, त्याच कारणासाठी आरोपही त्याच्या भाषेत हवा.

पुढचा प्रश्न शिक्षेचा. त्याच महिन्यात आणखी दोघांनी जादा पाळी नाकारली होती आणि त्यांना कोणी साधी ताकीदही दिली नव्हती, ही नोंद प्रकरणाच्या शेवटच्या पानावर आहे. घाईने वाचणाऱ्यांच्या ती नजरेतून निसटते. अकरा वर्षांच्या नोकरीत फिटरवर पूर्वीचा ठपका नाही. शिक्षा अपराधाच्या मानाने भारी असेल तर बडतर्फी रद्द करून हलकी शिक्षा देण्याचा अधिकार औद्योगिक न्यायाधिकरणांस 1971 च्या दुरुस्तीने मिळाला, आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही तो राखला आहे. तेव्हा बडतर्फी हा या भांडणाचा शेवट नव्हे, हे वर्गाच्या ध्यानी यावे. निलंबनाचाही हिशेब असतो : पहिल्या नव्वद दिवसांत वेतनाच्या निम्मा निर्वाहभत्ता, आणि विलंब कामगारामुळे झालेला नसेल तर त्यानंतर पाऊण. आरोपपत्रासच बावीस दिवस लागले, त्या काळात अर्ध्या पगारावर आजाऱ्याचे औषधपाणी चालले होते.

इतके होईपर्यंत वर्गाची सहानुभूती फिटरकडे झुकलेली असते. मग फोरमनची बाजू मांडण्याची वेळ येते, आणि ती टाळू नये. त्याला भर रस्त्यात, चारचौघांत शिव्या खाव्या लागल्या. त्याची तक्रार खरी होती. चौकशी नीट झाली असती तर शनिवारच्या वर्तनाबद्दल फिटरला लेखी ताकीद किंवा चार दिवसांचे निलंबन, असे काही टिकाऊ पदरात पडले असते. आता बडतर्फी न्यायाधिकरणात कोसळली, तर फिटर मागील वेतनासह परत येईल आणि फोरमनला त्याच पाळीवर, त्याच माणसाकडून काम करून घ्यावे लागेल. व्यवस्थापकांना वाटते, घाईची चौकशी फोरमनच्या बाजूची होती. तिने फोरमनचे काय केले, हे विद्यार्थ्यांनी त्याच्या जागी बसून लिहावे.

शेवटचे काम लेखनाचे द्यावे : फिटरला कळेल अशा भाषेत, पाच ओळींत, शनिवारच्या घटनेचे आरोपपत्र तयार करा. तारीख सापडते, पाळी सापडते, कार्ड आपटल्याचे लिहिता येते. तिसऱ्या ओळीपाशी लेखण्या थांबतात. फिटर त्या रात्री नेमके काय बोलला, ते शब्द प्रकरणाच्या कागदांत कोठेच नाहीत. केबिनमध्ये बसून ते ऐकणाऱ्या व्यवस्थापकांनीही ते लिहून ठेवलेले नाहीत.