भिंत किती तास तग धरेल?

31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमधल्या हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली, सहा कामगार गेले. अशा जागेची भिंत किती वेळ टिकावी, हे आतल्या जळणावरून ठरतं. समजा, शंभर चौरस मीटरच्या गोदामात दहा टन कापूस आहे. म्हणजे चौरस मीटरला शंभर किलो. किलोमागे अंदाजे चार हजार किलोकॅलरी धरल्या, तर अग्निभार झाला चार लाख. भारतीय मानकात पावणेतीन लाखांपर्यंत एक तास, साडेपाच लाखांपर्यंत दोन. म्हणून इथली भिंत दोन तासांची. अर्थात हे तास भट्टीतल्या चाचणीचे. खरी आग खिडक्यांतून येणाऱ्या हवेवर भडकते. उद्या त्याच गोदामात तेवढंच पॉलिथिन भरलं, तर उष्णता दुपटीहून जास्त. भिंत मात्र जुन्याच हिशेबाची!