भागायचं तर उलटं का करायचं?

आज एक वहीचा कागद आणि पेन्सिल हाताशी घेऊन बसा. सहावी-सातवीतलं मूल घरात असेल तर त्यालाही शेजारी बसवा.

अपूर्णांकांचा भागाकार आला की मुलं एक वाक्य घडाघडा म्हणतात : "दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं." उत्तर बरोबर येतं, पूर्ण गुण मिळतात. पण एखादी मुलगी विचारते, "आई, भागायला सांगितलंय, मग गुणायचं कशाला? आणि उलटं का करायचं?" तेव्हा आपण म्हणतो, "बाईंनी तसंच शिकवलंय ना? मग तसंच कर." तिचा प्रश्न मात्र तसाच राहतो. पुढे आठवडाभराने ती नेमका कोणता अपूर्णांक उलटा करायचा हेच विसरते, कारण लक्षात ठेवायला तिच्याजवळ कारणच नसतं. ते कारण आज आपण कागदावर काढून पाहू.

आधी सोपं घेऊ. सहा भागिले दोन म्हणजे काय? सहामध्ये दोन-दोनचे गट किती? तीन. आता घरात दोन भाकऱ्या आहेत आणि प्रत्येकाला चतकोर द्यायची आहे. किती जणांना पुरेल? एका भाकरीत चार चतकोर, म्हणून दोन भाकऱ्यांत आठ. हाच झाला दोन भागिले एक छेद चार, आणि उत्तर आठ. भागूनही संख्या वाढली याचं मुलांना नवल वाटतं. पण वाटा लहान असला की वाटे जास्त होणारच. इथे आपण चारने गुणलं, कारण एका पूर्ण भाकरीत चार वाटे बसतात. हे "एका पूर्णात किती बसतात" लक्षात ठेवा. सगळी किल्ली तिथे आहे.

आता जरा अवघड उदाहरण. नारळाच्या वड्या एका आयताकृती ट्रेमध्ये थापल्या आहेत. त्यातल्या पाऊण ट्रे, म्हणजे तीन छेद चार, वड्या उरल्या आहेत. आपल्याकडच्या एका डब्यात दोन छेद तीन ट्रे वड्या मावतात. तर उरलेल्या वड्यांनी किती डबे भरतील? गणित असं : ३/४ ÷ २/३.

कागदावर एक आयत काढा. हा आपला पूर्ण ट्रे. त्यात तीन उभ्या रेघा मारून चार सारखे उभे पट्टे करा. मग दोन आडव्या रेघा मारून तीन सारख्या आडव्या ओळी करा. मोजा, बारा चौकटी झाल्या. एक चौकट म्हणजे एक वडी समजा.

पाऊण ट्रे म्हणजे चारपैकी तीन उभे पट्टे. प्रत्येक पट्ट्यात तीन वड्या, म्हणून उरलेल्या वड्या नऊ. डब्यात मावतात तीनपैकी दोन आडव्या ओळी. प्रत्येक ओळीत चार वड्या, म्हणजे डब्यात आठ. आता प्रश्न किती सोपा झाला पाहा : नऊ वड्या आहेत, डब्यात आठ मावतात, डबे किती भरतील? नऊ भागिले आठ. एक डबा पूर्ण आणि दुसऱ्या डब्याचा आठवा भाग.

हे नऊ आणि आठ आले कुठून? नऊ म्हणजे पहिल्या अपूर्णांकाचा अंश तीन गुणिले दुसऱ्याचा छेद तीन. आठ म्हणजे पहिल्याचा छेद चार गुणिले दुसऱ्याचा अंश दोन. म्हणजेच ३/४ × ३/२. दुसरा अपूर्णांक आपण मुद्दाम उलटा केलाच नाही. रेघा मारून चौकटी मोजल्या आणि तो आपोआप उलटा झाला.

तरी मुलगी विचारेल, "त्या तीन छेद दोनचा अर्थ काय?" तिला पुन्हा आयताकडे न्या. उभ्या रेघा क्षणभर विसरा, फक्त तीन आडव्या ओळी पाहा. एका डब्याला दोन ओळी लागतात. मग पूर्ण ट्रेमध्ये किती डबे? दोन ओळींचा एक डबा आणि उरलेल्या एका ओळीचा अर्धा. म्हणजे दीड, म्हणजेच तीन छेद दोन. शाळेत ज्याला गुणाकार व्यस्त म्हणतात तो हाच. पूर्ण ट्रेला दीड डबा लागतो, मग पाऊण ट्रेला दीडच्या पाऊणपट लागणार. म्हणून गुणायचं. भाकरीच्या उदाहरणात चारने गुणलं तेही याच कारणाने.

आता मुलं कुठे चुकतात ते पाहू. पहिली चूक उरलेल्या वडीची. एक डबा भरून एक वडी उरली. ती आयतातली बारापैकी एक चौकट आहे, म्हणून मुलं उत्तर लिहितात एक पूर्णांक एक छेद बारा. वडी ट्रेचा बारावा भाग आहे हे खरंच आहे. पण आपण विचारलं होतं डबे किती, आणि डब्याचा ती आठवा भाग आहे. उत्तर ज्याच्यात मोजायचं, त्याचाच भाग सांगायचा. "ही वडी कशाचा कितवा भाग?" एवढं विचारलं की मूल स्वतःच दुरुस्त करतं.

दुसरी चूक म्हणजे पहिलाच अपूर्णांक उलटा करणं. मग चार छेद तीन गुणिले दोन छेद तीन, उत्तर आठ छेद नऊ. हे एकापेक्षा कमी आहे. पण आपल्याकडे नऊ वड्या आणि डब्यात मावतात आठच, तर एक डबा तरी पूर्ण भरलाच पाहिजे. म्हणून गणित करण्याआधीच मुलाला विचारावं, "उत्तर एकापेक्षा जास्त येईल की कमी?"

चित्र काढताना एक पथ्य पाळा. दोन्ही अपूर्णांक एकाच आयतात दाखवा. पाऊण एका आयतात आणि दोन तृतीयांश दुसऱ्या, लहानमोठ्या आयतात काढले, तर चौकटी सारख्या राहत नाहीत आणि मोजणी फसते. शिवाय पाच छेद सतरा भागिले नऊ छेद तेवीस असं गणित आलं तर चौकटी काढत बसू नका. तिथे नियमच वापरावा. चित्र कारण कळण्यासाठी आहे, प्रत्येक गणितासाठी नाही.

हा नियम जुना आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'तही तो आहे : भाजकाचा अंश आणि छेद यांची अदलाबदल करा आणि पुढे गुणाकारासारखं करा. श्लोकात नियम थोडक्यात पाठ होतो. त्यामागचं कारण मात्र प्रत्येकाला एकदा तरी मोजून पाहावं लागतं.

आज रात्री अभ्यासाला बसलात की मुलाला हे गणित द्या : अर्धा ट्रे वड्या आहेत, डब्यात तीन छेद पाच ट्रे मावतात, तर डब्याचा किती भाग भरेल? दोन उभे पट्टे, पाच आडव्या ओळी, दहा चौकटी. त्याला आधी विचारा, डबा पूर्ण भरेल का? मग मोजू द्या. उत्तर पाच छेद सहा यायला हवं. ते सहाव्या भागांत का आलं, दहाव्या भागांत का नाही, हे त्याने चौकटींवर बोट ठेवून सांगितलं, तर त्याला भागाकार समजला.